२१ डिसेंबरची ८५ सेंटीमीटरची सावली : परीक्षा समितीला खुलं पत्र

मा. अध्यक्ष आणि सर्व सदस्य,
तालुका सामाईक परीक्षा समिती
यांना सप्रेम नमस्कार.

मी रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच्या एका गावात राहते. घरची थोडी हापूसची कलमं आहेत, आणि संध्याकाळी पडवीत पाचवी ते दहावीच्या मुलांची शिकवणी घेते, याला आता सोळा वर्षं झाली. माझं तुमच्याशी काही वैर नाही, उलट तालुक्यातल्या सगळ्या शाळांची एक परीक्षा घ्यायची ही कल्पना मला पहिल्यापासून आवडलेली आहे. पण यंदा जानेवारीत झालेल्या आठवीच्या पेपरात तुम्ही जे केलंत आणि त्यानंतर मला जे उत्तर दिलंत ते मला गप्प बसून गिळता येत नाहीये, म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितेय.

प्रश्न असा होता, 'पृथ्वीवर उन्हाळा आणि हिवाळा होण्याचे मुख्य कारण कोणते?' चार पर्याय. अ) पृथ्वीचे परिवलन, ब) पृथ्वीचे सूर्यापासूनचे बदलते अंतर, क) पृथ्वीच्या आसाचा कल व परिभ्रमण, ड) चंद्राचे भ्रमण. तुमच्या उत्तरसूचीत बरोबर उत्तर 'ब' दिलंय. माझ्याकडे येणाऱ्या एका मुलाने 'क' लिहिलं. त्याचे वडील ट्रॉलरवर खलाशी आहेत, घरात शिकवणारं कोणी नाही, पोरगा स्वतःच्या जिद्दीवर अभ्यास करतो. त्याचे दोन मार्क गेले आणि तेवढ्यानेच तो तालुक्याच्या यादीच्या बाहेर राहिला. निकालाच्या दिवशी संध्याकाळी तो पडवीत आला, दप्तर खाली ठेवलं नाही, उभ्या उभ्याच विचारलं, "बाई, तुम्ही आम्हाला चुकीचं शिकवलंत का?"

मी त्याला म्हटलं नाही रे, बरोबर शिकवलंय, मी लिहिते त्यांना. लिहिलं. तुमच्याकडून तीन ओळींचं उत्तर आलं की हरकत अमान्य, पृथ्वी सूर्याच्या जवळ असताना उष्णता जास्त मिळते हे सर्वमान्य आहे, सबब उत्तरसूची कायम. मग मी फोन केला, तेव्हा तुमच्यातल्या एका सदस्यांनी मला समजावलं की "अहो मॅडम, आस कललेला म्हणजे तो भाग सूर्याच्या जवळ येतो, म्हणजे शेवटी अंतरच ना, दोन्ही उत्तरं एकच आहेत." दोन्ही एकच असतील तर 'क' ला मार्क का नाहीत, हे मी तेव्हाच विचारलं, त्याचं उत्तर मिळालं नाही. पण मुळात ती दोन्ही एक नाहीतच. तेच आज नीट मांडते, कारण हा प्रश्न फक्त दोन मार्कांचा नाही, ही उत्तरसूची आता शाळाशाळांत सरावासाठी वाटली जातेय.

सगळ्यात आधी सोपी गोष्ट. त्या मुलाचा मामा मालवाहू जहाजावर आहे. आपल्या किनाऱ्यावर दर दोन-चार घरांमागे असा एक माणूस असतोच. जानेवारीत त्याचं जहाज दक्षिण आफ्रिकेत डर्बनला लागलं होतं, त्याने व्हिडिओ कॉल केला तेव्हा तो घामाने निथळत होता आणि इकडे याची आजी अंगावर शाल घेऊन चुलीपाशी बसलेली. तिकडे भर उन्हाळा, इकडे थंडी. आता मला सांगा, त्या क्षणी पृथ्वी सूर्यापासून जेवढी लांब होती तेवढी ती डर्बनसाठीही होती आणि रत्नागिरीसाठीही होती, पृथ्वी काही दोन नाहीत. अंतर एकच आणि ऋतू दोन, तेही एकमेकांच्या उलट, मग अंतर हे कारण होईलच कसं? अंतरामुळे ऋतू होत असते तर उत्तर गोलार्ध आणि दक्षिण गोलार्ध दोन्हीकडे एकाच वेळी उन्हाळा आला असता आणि एकाच वेळी हिवाळा. तसं होत नाही, हे आपल्या गावातल्या प्रत्येक खलाशाच्या घरात माहीत आहे. एवढ्या एका गोष्टीवरच 'ब' हा पर्याय पडतो, पुढचं काही वाचलं नाहीत तरी चालेल. पण वाचाच.

आता अंतराचे आकडे बघू. अंतर बदलतं हे खरंच आहे, ते मी नाकारत नाही. पृथ्वीची कक्षा पूर्ण गोल नाही, थोडी लंबवर्तुळाकार आहे. उपसूर्य स्थितीत, म्हणजे सगळ्यात जवळ असताना, सूर्य साधारण १४ कोटी ७१ लाख किलोमीटरवर असतो आणि अपसूर्य स्थितीत, म्हणजे सगळ्यात लांब असताना, साधारण १५ कोटी २१ लाख किलोमीटरवर. फरक ५० लाख किलोमीटरचा. ऐकायला प्रचंड वाटतो. पण यात महत्त्वाचं काय आहे तर तारखा. पृथ्वी सूर्याच्या सगळ्यात जवळ येते ती जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, साधारण ३ ते ५ जानेवारीला, आणि सगळ्यात लांब जाते जुलैच्या पहिल्या आठवड्यात. म्हणजे तुमची उत्तरसूची खरी मानली तर आपल्याकडे कडक उन्हाळा जानेवारीत यायला हवा, काश्मीरात जानेवारीत बर्फ वितळायला हवा. आणि आमच्या कलमांना मोहोर येण्यासाठी जी थंडी लागते, ती ज्या दिवसांत आम्ही पहाटे उठून बघत असतो, नेमके तेच दिवस सूर्य सगळ्यात जवळ असण्याचे आहेत. हे मी कुठल्या पुस्तकातून सांगत नाही, माझ्या घराच्या मागे कलमं आहेत.

मग ही चूक एवढी पक्की का बसते? मला वाटतं चित्रामुळे. आपण सगळ्यांनी शाळेत ते चित्र पाहिलंय, मधे सूर्य, भोवती अंड्यासारखी लांबट कक्षा आणि तिच्यावर चार ठिकाणी पृथ्वी. ते चित्र बाजूने तिरकं बघितल्यासारखं काढलेलं असतं म्हणून कक्षा चपटी दिसते, जशी गोल ताटली तिरपी धरली की चपटी दिसते तशी. मूल ते चित्र बघतं आणि त्याच्या मनात बसतं की पृथ्वी दोन टोकांना लांब जाते आणि मधे जवळ येते. मी दरवर्षी मुलांना ही कक्षा खऱ्या मापात काढायला लावते. १ सेंटीमीटर म्हणजे १ कोटी किलोमीटर धरायचं. मोठ्या कार्डशीटवर खिळा आणि दोरी घेऊन १५ सेंटीमीटर त्रिज्येचं वर्तुळ काढायचं, ही झाली पृथ्वीची कक्षा. हो, वर्तुळच, कारण या मापात खरी लंबवर्तुळाकार कक्षा आणि हे वर्तुळ यातला फरक मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाएवढा येतो, पेन्सिलीची रेघ त्याहून जाड असते. आता सूर्य कुठे? तो बरोबर मध्यावर नाही, मध्यापासून अडीच मिलिमीटर बाजूला. बस्स, एवढंच. एका बाजूने मोजलं तर १४.७ सेंटीमीटर, समोरच्या बाजूने १५.२. मुलं ते बघतात आणि त्यांना स्वतःलाच कळतं की या अर्ध्या सेंटीमीटरच्या फरकावर मे महिना आणि डिसेंबर उभे राहू शकत नाहीत. तुमच्या समितीच्या पुढच्या मीटिंगला हे चित्र कोणीतरी काढाच, पाच मिनिटांचं काम आहे.

तरी कोणी म्हणेल की थोडा का होईना परिणाम होत असेलच ना. होतो. जानेवारीत पृथ्वीला सूर्याकडून मिळणारी ऊर्जा जुलैपेक्षा साधारण ७ टक्के जास्त असते. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता खरं कारण, आणि ते मी आमच्या खळ्यात जे मोजलंय त्यावरून सांगते. खळ्यात आम्ही १ मीटर उंचीची बांबूची काठी रोवलेली आहे. गवंड्याकडचा ओळंबा लावून ती सरळ उभी आहे ना हे बघतो, कारण काठी जराशी कलली तरी सगळं माप बिघडतं. २१ डिसेंबरला मुलांनी सावली मोजायला घेतली. पहिल्या वर्षी आम्ही एक चूक केली होती, घड्याळात बारा वाजले की मोजली, ८८ सेंटीमीटर भरली. पण आपलं घड्याळ भारतीय प्रमाणवेळेप्रमाणे चालतं, ती वेळ ८२.५ अंश रेखावृत्ताची, आपण तिच्या बरेच पश्चिमेला, म्हणून आपल्याकडे सूर्य डोक्यावर सर्वात उंच येतो तो साडेबारा ते पाऊणच्या सुमाराला, तोही वर्षभर थोडा मागेपुढे होतो. म्हणून आता आम्ही सव्वाबारापासून दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाला खडूने खूण करतो आणि सगळ्यात छोटी सावली धरतो. ती २१ डिसेंबरला बारा पस्तीसच्या आसपास मिळते, ८५ सेंटीमीटर, आणि ती बरोबर उत्तरेकडे पडते. २१ मार्चला तीच सावली ३१ सेंटीमीटर. आणि ८ मेच्या आसपास काठीला सावलीच नसते, सगळी सावली काठीच्या बुडात जाते, यालाच शून्य सावलीचा दिवस म्हणतात. त्यानंतर मे संपता संपता सावली परत दिसायला लागते पण यावेळी दक्षिणेकडे, साधारण ८ सेंटीमीटर, म्हणजे सूर्य आपल्या डोक्यावरून उत्तरेला गेलेला असतो. २१ जूनला ती ११ सेंटीमीटर व्हायला हवी, पण तेव्हा पाऊस लागलेला असतो, उघडीप मिळाली तरच. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात शून्य सावली पुन्हा येते पण तीही ढगातच जाते.

या सगळ्या मापांत कुठेही अंतर येत नाही हे बघा. सूर्य जवळ आला की लांब गेला याने काठीच्या सावलीची लांबी बदलत नाही. सावली बदलते ती सूर्य किती उंच आहे यावर. डिसेंबरात आपल्याकडे भर दुपारीसुद्धा सूर्य क्षितिजापासून साधारण ५० अंशांवरच असतो, मे महिन्यात सरळ डोक्यावर, ९० अंश. हे होतं पृथ्वीचा आस साडेतेवीस अंशांनी कललेला असल्यामुळे, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे पृथ्वी सूर्याभोवती फिरत असताना तो कल आपली दिशा सोडत नाही, वर्षभर आस ध्रुवताऱ्याच्याच दिशेला रोखलेला असतो. म्हणून जूनमध्ये उत्तर गोलार्ध सूर्याकडे झुकलेला सापडतो, आणि सहा महिन्यांनी पृथ्वी कक्षेच्या पलीकडच्या बाजूला गेली की तोच गोलार्ध, आस जराही न हलता, सूर्यापासून पलीकडे झुकलेला सापडतो. तेव्हा डर्बनवाल्यांची पाळी. म्हणून पर्याय 'क' मध्ये कल आणि परिभ्रमण हे दोन्ही शब्द आहेत, एकट्या कलाने भागत नाही. पेपर काढणाऱ्यांनी तो पर्याय अगदी नीट लिहिला होता आणि उत्तरसूचीत मात्र त्यालाच चूक ठरवलं, याचं मला जास्त वाईट वाटतं.

सूर्य तिरपा असला की ऊन कमी का लागतं ते रात्री बॅटरी घेऊन बघता येतं. बॅटरी सरळ जमिनीकडे धरा, छोटा गोल आणि लख्ख उजेड. तीच बॅटरी तेवढ्याच उंचीवर धरून तिरकी करा, उजेडाचा गोल लांबट होतो, पसरतो आणि फिका पडतो. बॅटरी तीच, सेल तेच, उजेडही तेवढाच, फक्त तो जास्त जागेवर वाटला गेला. डिसेंबरच्या दुपारी आपल्याकडे १ मीटर रुंदीचा उन्हाचा पट्टा जमिनीवर १३१ सेंटीमीटरवर पसरतो. मे महिन्यात तोच १ मीटरचा पट्टा १ मीटरवरच पडतो. म्हणजे डिसेंबरात जमिनीच्या प्रत्येक तुकड्याला भर दुपारीसुद्धा साधारण २४ टक्के ऊन कमी मिळतं. वर दिवसही छोटा, २१ डिसेंबरचा दिवस आपल्याकडे साधारण ११ तासांचा आणि २१ जूनचा १३ तासांच्या थोडा वर, दोन तासांचा फरक. आता मघाचे ते ७ टक्के आठवा. जवळ आल्यामुळे फार तर ७ टक्के मिळतात, तिरपेपणामुळे दुपारचे २४ टक्के जातात आणि शिवाय दोन तास ऊन कमी. म्हणून सूर्य जवळ असूनही थंडी पडते. आणि हे रत्नागिरीचं झालं, आपण विषुववृत्तापासून फक्त १७ अंशांवर आहोत. काश्मीरला किंवा लंडनला हा फरक कितीतरी मोठा होतो, लंडनमध्ये २१ डिसेंबरच्या दुपारी सूर्य जेमतेम १५ अंश वर येतो आणि आठ तासांच्या आतच मावळतो.

आता फोनवरच्या त्या मुद्द्याकडे येते, की आस कलला म्हणजे तो भाग सूर्याच्या जवळ आला म्हणजे अंतरच झालं. हा मुद्दा मला खूप शिक्षकांकडून ऐकायला मिळतो, अगदी प्रामाणिकपणे सांगतात ते, म्हणून तो नुसता झटकून टाकणं बरोबर नाही, हिशोब करून बघू. पृथ्वीची त्रिज्या साधारण ६,३७१ किलोमीटर. डिसेंबरातल्या दुपारच्या तुलनेत जूनमधल्या दुपारी रत्नागिरी आसाच्या कलामुळे सूर्याच्या किती जवळ जाते? हिशोब केला तर साधारण दीड हजार किलोमीटर. १५ कोटींपुढे दीड हजार म्हणजे एक लाखातला एक भाग. आमच्या कार्डशीटवर १५ सेंटीमीटरच्या अंतरात हा फरक केसाच्या जाडीच्याही कितीतरी खाली जातो. शिवाय पृथ्वीच्या परिवलनामुळे आपण सगळे रोज सूर्योदयापासून दुपारपर्यंत सूर्याच्या सहा हजार किलोमीटरच्या आसपास जवळ जातोच, म्हणजे ऋतूंच्या दीड हजाराच्या चौपट. दुपारचं ऊन सकाळपेक्षा कडक लागतं ते त्या सहा हजार किलोमीटरमुळे नव्हे, सूर्य डोक्यावर येतो म्हणून. आणि याच जूनमध्ये कक्षेच्या हिशोबाने पृथ्वी लांब जात असते, तेही लाखो किलोमीटर. त्यामुळे कलाचं काम अंतर कमी करणं हे नाही, किरणं सरळ पाडणं आणि दिवस लांबवणं हे आहे. दोन्ही उत्तरं एक नाहीत.

इथे एक गोष्ट मला मोकळेपणाने सांगितलीच पाहिजे कारण आपल्या कोकणात तिच्यामुळे घोटाळा होऊ शकतो. आपल्याकडे नुसतं थर्मामीटर बघून ऋतू शिकवायला गेलं तर गोंधळ होतो. आपल्या किनाऱ्यावर दुपारचं कमाल तापमान जुलैपेक्षा डिसेंबरात जास्त असतं, कारण जुलैत ढग आणि पाऊस असतो, डिसेंबरात आकाश निरभ्र असतं, आणि समुद्र जवळ असल्यामुळे वर्षभरात फार चढउतार होतच नाही. एखादं हुशार पोर म्हणेल की बाई, डिसेंबरात दुपारी चटका लागतो आणि जुलैत गारवा, आणि सूर्य तर डिसेंबर-जानेवारीतच जवळ असतो, म्हणजे अंतरच खरं. मला हा प्रश्न एका मुलीने खरंच विचारला होता आणि मला तो फार आवडला. तिला मी सांगितलं की तू घाट चढून वर जा, नाशिकला जा, दिल्लीला जा, तिथल्या जानेवारीत ऊन कसं असतं ते बघ. सूर्य त्यांनाही तेवढाच जवळ आहे. आणि आपल्याकडचीही रात्र बघ, पहाट बघ, मोहोर बघ. ढगांनी ऊन झाकलं ही मान्सूनची गोष्ट, आणि सूर्य किती वर चढतो ही आसाची गोष्ट, दोन्ही वेगळ्या करून बघायला शिकलं पाहिजे. म्हणूनच मी तापमानावर न जाता काठीवर जाते, काठीला ढगाशिवाय कोणी फसवू शकत नाही. ज्यांच्याकडे खळं नाही त्यांनी समुद्रावर जावं. एकाच जागी उभं राहून २१ डिसेंबरला आणि मे महिन्याच्या शेवटी सूर्य कुठे बुडतो ते बघावं, डिसेंबरात तो डाव्या हाताला दक्षिणेकडे सरकलेला असतो, मेच्या शेवटी उजव्या हाताला उत्तरेकडे. दोन्ही अयनदिनांमधलं हे सरकणं आपल्याकडे जवळजवळ ५० अंशांचं आहे. सूर्याचं बिंब मात्र जानेवारीत जवळ आल्यामुळे जुलैपेक्षा ३ टक्क्यांच्या आसपासच मोठं असतं, डोळ्याला तो फरक कळतच नाही.

आणि अंतर बदलण्याचं काहीच दिसत नाही का, तर दिसतं, तेही घरच्या भिंतीवर. दिनदर्शिका घ्या आणि मार्चच्या विषुवदिनापासून सप्टेंबरच्या विषुवदिनापर्यंत दिवस मोजा, साधारण १८६ भरतात. तिथून पुढे परत मार्चपर्यंत मोजा, १७९. पृथ्वी सूर्याजवळ असताना कक्षेत वेगाने धावते, लांब असताना सावकाश, म्हणून आपला उन्हाळी भाग जवळजवळ आठवडाभर मोठा आहे. अंतराचा खरा परिणाम विचारायचा असेल तर हा प्रश्न विचारा ना पेपरात, किती सुंदर प्रश्न होईल.

आता माझं गाऱ्हाणं. उत्तरसूचीत चूक झाली, ती कोणाच्याही हातून होऊ शकते, मी स्वतः बारा वाजताची सावली मोजून एक वर्ष चुकीचं शिकवलेलं आहे. पण हरकत आल्यावर तुम्ही ती भूगोलाच्या एकाही शिक्षकाला दाखवली नाहीत, हे फोनवर मला सांगितलं गेलं, याची मला तक्रार आहे. सातवीच्या भूगोलाच्या पुस्तकात ऋतुनिर्मितीवर धडे आहेत, सावल्यांची निरीक्षणं आहेत, तुमच्या उत्तरसूचीने त्या पुस्तकालाच चूक ठरवलंय आणि पुस्तक नीट वाचणाऱ्या मुलाला शिक्षा झालीय. 'सर्वमान्य आहे' हे भूगोलाचं उत्तर होऊ शकत नाही, कोणाला मान्य आहे यावर सूर्य उगवत नाही, तुम्ही कारण द्यायला हवं होतं, आकडा द्यायला हवा होता. आणि सगळ्यात मोठी तक्रार ही की ती उत्तरसूची अजून मागे घेतलेली नाही, आमच्या शेजारच्या शाळेत गेल्याच आठवड्यात मुलांनी वहीत 'सूर्य जवळ आल्याने उन्हाळा' असं सरावासाठी उतरवून घेतलं, मी ती वही पाहिली.

मागण्या माझ्या थोड्याच आहेत. या प्रश्नाचं बरोबर उत्तर 'क' आहे हे लेखी जाहीर करा आणि ज्या ज्या मुलांनी 'क' लिहिलं त्या सगळ्यांना दोन मार्क द्या, फक्त माझ्याकडच्या मुलाला नको, तालुक्यातल्या सगळ्यांना. त्याने यादी बदलत असेल तर यादी परत लावा. ज्यांनी 'ब' लिहिलं त्यांचे मार्क कमी झाले तर त्या मुलांना आणि पालकांना का कमी झाले हे समजावून सांगा, त्यांना कोणीतरी तसं शिकवलेलं असणार, दोष त्यांचा नाही. सगळ्या शाळांना एका पानाचं दुरुस्तीपत्रक पाठवा, त्यात 'अंतर' हे कारण का नाही हे दोन-चार ओळीत लिहा, दक्षिण गोलार्धाचं उदाहरण दिलं तरी पुरे. आणि पुढच्या वर्षीपासून भूगोलाची उत्तरसूची बाहेर जाण्याआधी भूगोल शिकवणाऱ्या दोन शिक्षकांच्या नजरेखालून जाऊ दे. पत्रक लिहायला मदत लागली तर मी फुकट लिहून देईन, चित्रासकट.

शिमग्याच्या आधी हे झालं तर बरं, कारण मार्चच्या शेवटी शाळांचे सराव पेपर सुरू होतात आणि तोच प्रश्न तसाच परत छापला जाईल.

तुमच्यापैकी ज्यांना अजून शंका असेल त्यांनी ८ मेला आमच्याकडे या. बारा वाजून वीस मिनिटांनी खळ्यात हजर राहा, साडेबाराच्या सुमाराला सावली नाहीशी होताना स्वतःच्या डोळ्यांनी बघा आणि टोकाला खूण तुम्हीच करा. तो मुलगाही असेल, वहीत आकडे तो लिहितो.

आपली,
पडवीत शिकवणी घेणारी एक बाई